अंथरुणातले तास

"मावशी, सकाळी किती वाजता उठता?"

"सहाला."

"उठल्यावर काय करता?"

उत्तर मुलगा देतो. "सगळं स्वतःचं स्वतः करते, डॉक्टर. काही त्रास नाही तसा."

डॉक्टर मान हलवतात, पण नजर मावशींवरच ठेवतात. "आंघोळीचं पाणी कोण काढतं?"

"सून काढते."

"आणि आंघोळ?"

मावशी जरा थांबतात. "ती पण तीच घालते आता. हात वर जात नाही, दम लागतो."

"दुपारी?"

"पडून असते. जेवायला उठते. परत पडते."

डॉक्टर केसपेपरवर इंग्रजीत पीएस अशी दोन अक्षरं लिहितात आणि त्यापुढे एक आकडा टाकतात. घरी न्यायच्या फाईलमध्ये हा आकडा बहुतेकांना दिसतो, पण तो कशाचा हे क्वचितच कुणी विचारतं. नातेवाइकांचं लक्ष गाठीच्या सेंटिमीटरवर, स्टेजवर आणि रक्ताच्या रिपोर्टवर असतं. केमो द्यायची की नाही, दिलीच तर किती जोराची, याचा निम्मा निर्णय मात्र या एका अंकावर ठरतो. तो मिळवायला कुठलंही मशीन लागत नाही. दिवस कसा जातो याची चौकशी केली की तो हाती येतो.

पीएस म्हणजे परफॉर्मन्स स्टेटस. मराठीत त्याला कार्यक्षमतेची पातळी म्हणता येईल, पण ओपीडीत कुणी तसं म्हणत नाही. तिथे ‘पीएस वन’, ‘पीएस टू’ असंच बोललं जातं. सर्वांत जास्त वापरली जाणारी मोजपट्टी अमेरिकेतल्या ईस्टर्न कोऑपरेटिव्ह ऑन्कॉलॉजी ग्रुप या संशोधकांच्या संघाची आहे. संघाच्या आद्याक्षरांवरून डॉक्टर तिला इकॉग म्हणतात. आज वापरतो तो तिचा मजकूर १९८२ साली छापला गेला. तिला शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत आणि पाच म्हणजे मृत्यू, त्यामुळे कामाच्या पायऱ्या शून्य ते चार एवढ्याच.

आजाराआधी जे करत होता ते सगळं आजही करणारा माणूस शून्यावर असतो. नांगर धरवत नाही, पण दुकानात गल्ल्यावर बसता येतं, हलकं घरकाम किंवा टेबलावरचं काम होतं, तो एकवर. स्वतःचं खाणं, आंघोळ, कपडे सगळं स्वतः करतो, हिंडतो-फिरतो, पण कुठलंच काम होत नाही, तो दोनवर. मात्र दोनची एक अट आहे. जागेपणीच्या तासांपैकी निम्म्याहून अधिक वेळ तो अंथरुणाबाहेर, उठून असला पाहिजे. निम्म्याहून अधिक वेळ पलंगावर किंवा खुर्चीत जात असेल आणि स्वतःचं थोडंच करता येत असेल, तर तीन. पूर्ण अंथरुणाला खिळलेला, स्वतःचं काहीच करू न शकणारा, तो चार.

या पायऱ्यांमधली सगळ्यांत महत्त्वाची रेघ दोन आणि तीन यांच्यामध्ये आहे. तिच्या अलीकडे केमोचा विचार होतो. पलीकडे बहुतेक गाठींच्या कॅन्सरमध्ये केमोने फायद्यापेक्षा नुकसान अधिक होण्याची भीती असते. आणि ही रेघ आखली आहे ती रोजच्या तासांच्या हिशोबावर.

हे असं का, हे कळायला केमो शरीरात काय करते ते थोडं पाहावं लागेल. केमोची बहुतेक औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण अस्थिमज्जा आणि तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तरही तसंच असतं. त्यामुळे डोस दिल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळ गाठतात. नातेवाईक ज्याला ‘पेशी कमी झाल्या’ म्हणतात ती हीच वेळ. तोंड येतं, जुलाब होतात, जेवण जात नाही. धडधाकट माणूस हे दिवस काढतो आणि पुढच्या डोसापर्यंत पेशी पुन्हा भरतात. जो दिवसाचा बराचसा भाग आडवा असतो, त्याच्या शरीरात ही भर टाकायला शिल्लकच कमी असते. स्नायू झिजलेले असतात, खोकून कफ काढायची ताकद नसते, फुप्फुसांचा तळ पुरता फुगत नाही. अशात पेशी खाली गेल्या की साध्या जंतूचा न्यूमोनिया होतो आणि तो जिवावर बेततो.

यात आणखी एक छुपा धोका आहे. मूत्रपिंडं नीट चालतात का हे पाहायला रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच उरले नसतील तर मूत्रपिंडं थकलेली असतानाही रिपोर्टमधला आकडा छान दिसतो. कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाचा डोस या आकड्यावरून काढतात. म्हणजे हाडांचा सापळा झालेल्या माणसाला नेमका गरजेपेक्षा जास्त डोस जाऊ शकतो. अनुभवी डॉक्टर इथे कागदावरच्या आकड्याला वर घालण्याची मर्यादा ठरवून ठेवतात. ती मर्यादा कुणाला लागू करायची, हे रुग्ण दारातून कसा चालत आला ते बघून त्यांना कळतं.

या मोजपट्ट्यांची मूळ कहाणी वेगळीच आहे. पहिली पट्टी तयार झाली ती केमो कुणाला द्यावी हे ठरवायला नव्हे. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की आणि जोसेफ बर्चेनल हे डॉक्टर नायट्रोजन मस्टर्ड हे औषध रुग्णांना देऊन पाहत होते. युद्धातल्या विषारी वायूवरच्या संशोधनातून आलेलं हे औषध केमोच्या पहिल्यावहिल्या औषधांपैकी एक. त्या काळी सीटी स्कॅन नव्हता. पोटातली किंवा छातीतली गाठ लहान झाली की नाही हे सांगणं अवघड होतं. मग औषधाचा उपयोग झाला की नाही हे ठरवायचं कसं? त्यांनी विचारायला सुरुवात केली की हा माणूस औषधाआधी काय करू शकत होता आणि आता काय करतो. १९४८-४९ च्या सुमारास त्यांनी शंभर ते शून्य अशी दहा-दहाने उतरणारी पट्टी मांडली. शंभर म्हणजे कुठलीच तक्रार नाही. सत्तर म्हणजे स्वतःचं सगळं करतो पण नेहमीचं काम नाही. पन्नास म्हणजे बरीच मदत आणि वरचेवर वैद्यकीय देखभाल लागते. शून्य म्हणजे मृत्यू.

औषधाची परीक्षा घेण्यासाठी बनलेली ही पट्टी पुढे रुग्णाची परीक्षा घेऊ लागली, कारण डॉक्टरांच्या लक्षात आलं की उपचाराआधीचा आकडाच पुढचं बरंच काही सांगून जातो. कार्नोफ्स्कीच्या अकरा पायऱ्या रोजच्या घाईत जड जात. साठ की सत्तर यावर वाद होई. इकॉगने त्या चारपाच पायऱ्यांत आवळल्या. ढोबळ मानाने शंभर आणि नव्वद म्हणजे शून्य, ऐंशी-सत्तर म्हणजे एक, साठ-पन्नास म्हणजे दोन, चाळीस-तीस म्हणजे तीन, वीस-दहा म्हणजे चार. आजही काही फाईलींत केपीएस ७० असं लिहिलेलं दिसतं, ते कार्नोफ्स्कीचं. लहान मुलांसाठी लॅन्स्की नावाची वेगळी पट्टी आहे आणि ती मूल किती खेळतं ते मोजते. मुलाचं काम खेळणं हेच, त्यामुळे हे मला फार योग्य वाटतं.

आता सुरुवातीच्या मावशींकडे परत जाऊ. या मावशी म्हणजे कुणी एक बाई नाही. अशा अनेकींच्या दिवसांतून मी हे चित्र जुळवलं आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील ओपीडीत रोज भेटतो. वय ६४, सातारा जिल्ह्यातलं गाव, फुप्फुसाचा कॅन्सर डाव्या बाजूला, छातीत पाणी झालेलं आणि उजव्या खुब्याच्या हाडात पसरलेला. मुलगा आदल्या रात्रीच्या एसटीने त्यांना मुंबईला घेऊन आला आहे.

त्यांचा दिवस मोजू. सकाळी सहाला जाग आणि रात्री साडेनऊला झोप, म्हणजे साडेपंधरा तास जागेपण. त्याचा निम्मा पावणेआठ तास. सकाळी चूळ भरणं, चहा, आंघोळ, देवासमोर थोडं बसणं, हे धरून दोन तास उठून असतात. दुपारचं जेवण आणि भांडी विसळायला सुनेशेजारी उभं राहणं, तासभर. संध्याकाळी ओट्यावर दीड तास, त्यातही भिंतीला टेकून. रात्रीचं जेवण अर्धा तास. ही बेरीज पाच तासांची. उरलेले साडेदहा तास अंथरुणात. आंघोळीला मदत लागते. म्हणजे पायरी तीन. ‘सगळं स्वतःचं स्वतः करते’ या मुलाच्या वाक्यावर विसंबलं असतं तर फाईलवर एक किंवा दोन लिहिला गेला असता आणि पुढच्या आठवड्यात दोन औषधांची पूर्ण केमो सुरू झाली असती.

मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याला वाटतं, आई अशक्त आहे म्हटलं तर डॉक्टर उपचार नाकारतील. ही भीती मी इतक्या घरांत पाहिली आहे की तिला दोष देता येत नाही. पण तिचा परिणाम उलटा होतो. डोस खऱ्या आईला झेपेल असा ठरत नाही, तो मुलाने वर्णन केलेल्या आईसाठी ठरतो.

उलटी चूकही होते. एसटीच्या रात्रभराच्या प्रवासाने आणि फुटपाथवरच्या रांगेने खुबा ठणकत असतो, त्यात ओपीडी लांब, म्हणून मावशींना व्हीलचेअरवर आणलेलं असतं. डॉक्टरांनी खुर्ची पाहून आकडा टाकला, तर दोनवर असलेली बाईही तीन किंवा चारवर जाते. म्हणून चांगले डॉक्टर आजच्या दिवसाविषयी फारसं न विचारता गेल्या आठवडाभराचं विचारतात. ते स्वतःच्या डोळ्यांनीही बरंच टिपतात. माणूस खुर्चीतून हात न टेकता उठतो का, शर्टाची बटणं त्याने लावली की दुसऱ्याने, केस विंचरलेले आहेत का, प्रश्नाचं उत्तर द्यायला तो स्वतः पुढे होतो की मान खाली घालतो.

आपल्याकडे बायकांच्या बाबतीत एक खास गोंधळ होतो. आजार कळल्याबरोबर सून किंवा लेक म्हणते, आई, तुम्ही आता चुलीकडे यायचं नाही. महिनाभराने डॉक्टर विचारतात, घरकाम करता का? उत्तर येतं, नाही. हे ‘करवत नाही’ आहे की ‘करू देत नाहीत’? पट्टीवर या दोन उत्तरांत एका पूर्ण पायरीचा फरक पडतो. तसाच निवृत्त माणसाला ‘काम’ विचारण्याचा प्रश्न. त्याला कामावर जायचंच नसतं, म्हणून विचारायचं ते असं: बाजारातून भाजी आणता का, जिना चढता का, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडता का.

हा आकडा माणसाच्या नजरेवर अवलंबून असल्यामुळे तो नेमका नसतो, हेही लपवण्यासारखं नाही. १९९३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी छापलेल्या एका अभ्यासात तीन कर्करोगतज्ज्ञांनी शंभर रुग्णांना स्वतंत्रपणे आकडे दिले. तिघांचंही एकमत झालं फक्त चाळीस रुग्णांवर. त्रेपन्नांच्या बाबतीत दोघांचं जुळलं आणि सात जणांना तिघांनी तीन वेगवेगळे आकडे दिले. रुग्णांना स्वतःचा आकडा द्यायला सांगितलं तेव्हा, अनेक अभ्यासांत, त्यांनी डॉक्टरांपेक्षा वाईट आकडा दिला. म्हणजे डॉक्टर बऱ्याचदा जास्त आशावादी असतात. आपल्या घरातला माणूस ‘मला बरं वाटत नाही’ म्हणतो तेव्हा त्याचं म्हणणं खोडून काढण्याआधी हे आठवावं.

पायरी तीन लिहून झाल्यावर मावशींच्या बाबतीत दोन रस्ते असतात. एक म्हणजे ‘केमो झेपणार नाही, घरी न्या.’ दुसरा म्हणजे हा तीन कशाने झाला ते शोधणं. माझं मत स्पष्ट आहे: दुसरा रस्ता न चालता पहिल्यावर जाणं चूक आहे. आकडा रुग्णाची आजची अवस्था सांगतो, तिचं कारण सांगत नाही. कारणं निराळी असतात आणि त्यांतली काही चार दिवसांत दूर होणारी असतात.

मावशींना दम लागतो तो मुख्यतः छातीतल्या पाण्यामुळे. सुईने पाणी काढलं, सव्वा लिटर निघालं, त्याच संध्याकाळी त्या उशीवर टेकून बोलू लागल्या. आडव्या राहायचं दुसरं कारण खुब्याचं दुखणं. त्याला मॉर्फिनच्या गोळ्या, सोबत पोट साफ राहायचं औषध, आणि हाडावर एकाच बैठकीत ८ ग्रे इतकं रेडिएशन दिलं. अशा दुखऱ्या हाडासाठी एका बैठकीची ही मात्रा रूढ आहे. हिमोग्लोबिन सात होतं, दोन पिशव्या रक्त चढवलं. बारा दिवसांनी पुन्हा दिवस मोजला तेव्हा अंथरुणातले तास साडेदहावरून सहावर आले होते आणि आंघोळ त्या स्वतः करत होत्या. पायरी दोन. कॅन्सर तेवढाच होता, त्यावर अजून एकही औषध दिलेलं नव्हतं.

या बारा दिवसांत आणखी एका गोष्टीची वाट पाहिली जात होती, ती म्हणजे गाठीच्या तुकड्यावरचा जनुकाचा रिपोर्ट. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या अॅडिनोकार्सिनोमा नावाच्या प्रकारात भारतात साधारण चौघांतल्या एकाच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात विशिष्ट बदल आढळतो. असा बदल असेल तर रोजच्या गोळीने कॅन्सर आटोक्यात येऊ शकतो आणि इथे पायऱ्यांचा नियम जवळपास उलटतो. जपानमध्ये २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केमो झेपणार नाही अशा खालावलेल्या अवस्थेतल्या तीस रुग्णांना, ज्यांच्या गाठीत हा बदल होता, जेफिटिनिब नावाची गोळी दिली. त्यांतले बावीस तीन किंवा चारवर होते. या बावीसांपैकी पंधरा जण एकवर किंवा शून्यावर आले. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून फिरू लागली. म्हणून फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तीन आकडा पाहून जनुकाची तपासणीच न करता घरी पाठवणं ही भरून न येणारी चूक ठरू शकते. तपासणीला नमुना पुरेसा आहे का, रिपोर्ट कधी येईल, हे नातेवाइकांनी मागे लागून विचारावं.

पण समजा, रिपोर्ट नकारात्मक आला. असा कुठलाच बदल नाही. मग दोनवर आलेल्या मावशींना केमो द्यायची का? इथे वैद्यकशास्त्राने स्वतःच आपलं मत बदलत नेलं आहे. अमेरिकेत याच संघाने पुढच्या अवस्थेतल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर केमोच्या चार जोड्यांची तुलना केली होती. सुरुवातीला त्यात पायरी दोनचे रुग्ण घेतले. गंभीर त्रास इतका दिसला की ६६ जण घेतल्यावर दोनवाल्यांची भरती थांबवली आणि पुढे फक्त शून्य-एकवालेच घेतले. निकाल २००२ मध्ये छापले गेले. त्यावरून बराच काळ असं मानलं गेलं की दोनवाल्यांना दोन औषधांची जोडी देणं धोक्याचं. याच रुग्णांची माहिती बारकाईने तपासली तेव्हा मात्र लेखकांना असं दिसलं की त्रासाचा आणि मृत्यूंचा मोठा वाटा औषधाचा नसून मुळात आजाराचाच होता.

मग मुख्यतः ब्राझीलमध्ये २०५ दोनवाल्या रुग्णांवर थेट प्रयोग झाला. एका गटाला पेमेट्रेक्सेड हे एकच औषध, दुसऱ्याला त्याच्या जोडीला कार्बोप्लॅटिन. २०१३ मध्ये निकाल आला. एका औषधावर मध्यम आयुष्य ५.३ महिने, जोडीवर ९.३ महिने. जोडीच्या गटात चार जण औषधाच्या त्रासाने दगावले, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे दोनवर असलेल्या माणसाला केमो निषिद्ध नाही, पण ती नीट सांगून, डोस बेताने सुरू करून, पहिल्या पंधरवड्यात वरचेवर पेशी तपासून द्यायची असते. ताप आला तर रात्रीच्या रात्री दवाखाना गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही. गावापासून असा दवाखाना किती लांब आहे हाही निर्णयाचाच भाग आहे. साताऱ्याच्या डोंगरपट्ट्यातल्या घरासाठी आणि परळच्या चाळीतल्या घरासाठी उत्तर वेगळं असू शकतं, जरी दोघींची पायरी एकच असली तरी.

काही कॅन्सर या पायऱ्यांना जुमानतच नाहीत. लिम्फोमा, काही ब्लड कॅन्सर, वृषणाच्या गाठी हे केमोला इतके दाद देतात की चारवर असलेला रुग्णही, तो आजारामुळेच चारवर असेल तर, आयसीयूत ठेवून केमो देण्याजोगा असतो. आजार हटला की माणूस उठतो. वयस्कर लिम्फोमा रुग्णांना पूर्ण केमोआधी आठवडाभर नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. तेवढ्यानेही पायरी सुधारते आणि मग पहिला डोस कमी धोक्याचा होतो. याउलट एखाद्याचा पाय लहानपणी पोलिओने गेलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं खुर्चीत बसून शिलाईचं काम करतो. पट्टी त्याला खुर्चीत जाणाऱ्या तासांमुळे तीन ठरवेल. ते साफ चूक आहे. ही पट्टी आजाराने हिरावलेली ताकद मोजण्यासाठी आहे, जुनं अपंगत्व मोजण्यासाठी नाही. अमेरिकेच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांगितलं की गाठीचा कॅन्सर असलेल्या तीन-चारवरच्या रुग्णाला, आधीच्या उपचारांचा फायदा झालेला नसताना आणि पुढच्या औषधाचा ठोस पुरावा नसताना, कॅन्सरविरोधी उपचार देऊ नयेत. त्यातच त्यांनी हे दोन अपवाद लिहून ठेवले: दुसऱ्या कारणाने आलेली मर्यादा, आणि जनुकाच्या बदलासारखी चांगल्या प्रतिसादाची खूण.

सत्तरीच्या पुढच्यांसाठी ही पट्टी एकटी पुरत नाही. दोन आजोबा एकाच पायरीवर असतात, पण एकाला गेल्या सहा महिन्यांत दोनदा पडायला झालंय, ऐकू कमी येतं, गोळ्या वेळेवर घ्यायला मुलगी लागते. अमेरिकेत पासष्टच्या पुढच्या पाचशे रुग्णांवर केलेल्या आणि २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात केमोचा गंभीर त्रास कुणाला होईल हे कार्नोफ्स्कीच्या आकड्याने नीट सांगता आलं नाही. पडणं, ऐकू येणं, चौकापर्यंत चालता येणं, गोळ्यांना मदत लागणं, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडांचं काम अशा प्रश्नांनी ते जास्त चांगलं सांगितलं. हे प्रश्न विचारायला दहा मिनिटं लागतात.

आणि एक गोष्ट, जी ऐकायला सर्वांत जड जाते. चांगला आकडा म्हणजे केमो झेपेल एवढंच. ती उपयोगी पडेल असा त्याचा अर्थ नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत ३१२ रुग्णांचा एक अभ्यास आला. आधीची केमो निष्फळ ठरलेले आणि सहाएक महिन्यांहून अधिक आयुष्य अपेक्षित नसलेले हे रुग्ण होते. त्यांतल्या साधारण निम्म्यांनी आणखी केमो घेतली. दोन-तीनवाल्यांचं शेवटच्या आठवड्यातलं जगणं त्या केमोने सुधारलं नाही. एकवर असलेल्यांचं तर ती घेतल्याने अधिक वाईट गेलं. आयुष्यही वाढलेलं दिसलं नाही. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर ‘अजून चालते-फिरते ना, मग अजून एक केमो द्या’ हा आग्रह ज्या माणसाचे उरलेले बरे दिवस सांभाळायचे असतात, त्याचेच दिवस घेऊन जातो. तिथे दुखणं, दम, झोप यांवर काम करणारा पॅलिएटिव्ह विभाग हाही उपचारच आहे, आणि मावशींच्या गोष्टीत पहिले बारा दिवस जे केलं गेलं ते बरंचसं त्याच विभागाचं काम होतं.

तुमच्या घरात अशी वेळ आली असेल, तर ओपीडीच्या तारखेआधी तीन दिवस एक वही करा. सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत दर तासाला एकच नोंद करा: उठून होते, बसून होते की पडून. आंघोळ, संडास, कपडे, जेवण यांपैकी कशाला मदत लागली तेही लिहा. काम करवत नाही की करू देत नाही, हे रुग्णालाच विचारून लिहा. वही डॉक्टरांच्या हातात द्या आणि उत्तरं रुग्णाला देऊ द्या. डॉक्टरांनी तीन म्हणून केमो नाकारली तर वाद घालू नका, त्यांना विचारा: हा तीन कशामुळे आहे, त्यातलं काय दूर होऊ शकतं, आणि आपण परत कधी मोजायचं?